पुस्तकं उघडी, तरी वेळ अपुरा: जीसीपीएम परीक्षेच्या एका तयारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका आयटी कंपनीत माहिती-सुरक्षेचं काम करणारी एक अभियंता. सात-आठ वर्षांचा अनुभव, फायरवॉल आणि लॉग यांच्यात रमणारी. तिच्याकडे हळूहळू प्रकल्पांची जबाबदारी येऊ लागली आणि कंपनीने तिला जीआयएसी संस्थेच्या जीसीपीएम या प्रकल्प व्यवस्थापन प्रमाणपत्रासाठी पाठवायचं ठरवलं. मी तिच्याच टीममधली, वयाने आणि नोकरीने थोडी मोठी. तयारीच्या काळात आम्ही बऱ्याच संध्याकाळी एकत्र बसायचो. तिच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

या परीक्षेत छापील पुस्तकं आणि स्वतः काढलेल्या छापील नोट्स जवळ ठेवता येतात. मोबाइल, लॅपटॉपवरची फाइल, इंटरनेट यांतलं काहीच चालत नाही. तिच्या वेळी 3 तासांत 115 प्रश्न होते, सगळे बहुपर्यायी. एकदा उत्तर दिलं की त्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. ठरावीक, मोजकेच प्रश्न मागे ठेवून नंतर सोडवता येतात. परीक्षेच्या शुल्कात दोन सराव चाचण्या मिळतात, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांमध्ये या दोन चाचण्यांना फार महत्त्व आलं.

180 मिनिटांना 115 ने भागलं की एका प्रश्नाला साधारण 94 सेकंद मिळतात. प्रश्न वाचायचा, चार पर्याय वाचायचे, विचार करायचा आणि वाटलं तर पुस्तकही उघडायचं, हे सगळं तेवढ्यात बसवायचं. हा आकडा तिने पहिल्याच दिवशी काढला होता, पण त्यातून काय निघतं ते तिला पहिल्या सराव चाचणीत कळलं.

अडचण

तिने अभ्यासक्रमाचे सगळे खंड एकदा वाचून काढले आणि वाचता वाचता अनुक्रमणिका तयार केली. चाळीसेक पानांची, इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली, नीट छापलेली. शब्द आणि समोर खंड-पान. मेहनत खरी होती. त्या अनुक्रमणिकेसह, घड्याळ लावून तिने पहिली सराव चाचणी दिली.

पहिल्या तासात 31 प्रश्न झाले. दीड तासाने तिच्या लक्षात आलं की निम्मा वेळ गेला, पण निम्मे प्रश्न झालेले नाहीत. मग तिने वेग वाढवला. शेवटचे तीस प्रश्न वीस मिनिटांत उरकले आणि त्यांतले बरेच चुकले. त्या चाचणीच्या गुणांवर प्रत्यक्ष परीक्षेत ती थोडक्यात नापास झाली असती.

तिचा पहिला निष्कर्ष होता, "ताई, माझा अभ्यासच कमी पडतोय. सगळे खंड पुन्हा वाचायला हवेत." मला तसं वाटलं नाही. सुदैवाने चाचणी देताना तिने एका कागदावर नोंद ठेवली होती: पुस्तक उघडलं की प्रश्नाचा क्रमांक आणि एक अक्षर. शोधून सापडलं की एक, सापडलं नाही की दुसरं, आणि उत्तर माहीत असूनही फक्त खात्री करायला उघडलं की तिसरं. तो कागद आम्ही समोर ठेवून वाचला.

तिने 52 वेळा पुस्तक उघडलं होतं. त्यांतल्या 23 वेळा उत्तर तिला आधीच माहीत होतं, ती फक्त खात्री करत होती. या 23 पैकी फक्त दोनदा तिने उत्तर बदललं. उरलेल्या 21 वेळांचा वेळ फुकट गेला होता. आणखी डझनभर वेळा अनुक्रमणिकेत शब्द सापडला, पण समोर पानांची रांग होती. 'रिस्क' या शब्दापुढे तर वीसच्या वर पानं लिहिलेली. परीक्षेच्या धावपळीत वीस पानं कोण चाळणार?

तिसरी गोष्ट नोंदीत नव्हती, चुकलेल्या प्रश्नांत होती. गणिताचे प्रश्न तिला जड जायला नकोत, बेरीज-भागाकार तिच्या हातचा मळ. तरीही अर्न्ड व्हॅल्यूचे, म्हणजे झालेल्या कामाचं मोल खर्चाशी आणि वेळापत्रकाशी ताडून बघण्याचे प्रश्न चुकले होते. सूत्र पाठ होतं, आकडेमोड बरोबर होती, पण प्रश्नाला हवं होतं दुसरंच सूत्र.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय होता परीक्षेची तारीख पुढे ढकलून सगळं पुन्हा वाचायचा. तिचा कल तिकडेच होता. पण नोंदींचा कागद सांगत होता की अज्ञानामुळे वाया गेलेला वेळ थोडा आणि शोधाशोधीत व खात्री करण्यात गेलेला वेळ जास्त. पुन्हा वाचून शोधण्याचा वेग वाढत नाही.

दुसरा पर्याय तयार अनुक्रमणिकेचा होता. दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याने आधीच ही परीक्षा दिलेली, त्याची अनुक्रमणिका त्याने देऊ केली. ती घेतली असती तर बराच वेळ वाचला असता. पण त्याच्या खंडांची आवृत्ती जुनी होती, पानांचे क्रमांक जुळत नव्हते. शिवाय त्याला जे शब्द अवघड वाटले तेच त्यात होते. माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे: अनुक्रमणिका तयार करताना माणूस प्रत्येक संज्ञेचा एका ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत मांडतो, आणि निम्मं शिकणं तिथेच होतं. दुसऱ्याची अनुक्रमणिका घेतली की तेवढं शिकणं हुकतं.

तिसरा पर्याय होता तारीख तीच ठेवून साधनं बदलायची: अनुक्रमणिका नव्याने बांधायची, सूत्रांचं वेगळं पान करायचं, पुस्तक कधी उघडायचं याचा नियम ठरवायचा आणि दुसरी सराव चाचणी शेवटच्या रंगीत तालमीसाठी राखून ठेवायची. आम्ही हाच निवडला. दुसरी चाचणी लगेच देऊन 'सुधारणा झाली का' हे बघण्याचा मोह तिला दोन-तीनदा झाला. पण ती चाचणी एकदाच देता येते. जुन्या साधनांवर ती खर्च केली असती तर नवी साधनं तपासायला काहीच उरलं नसतं.

अनुक्रमणिका कशी बदलली

आधी मोजायचं ठरलं. मी कुठल्याही खंडातली एखादी संज्ञा मोठ्याने वाचायची, तिने अनुक्रमणिकेतून पान काढून त्या संज्ञेचा अर्थ सांगायचा, आणि मोबाइलवर स्टॉपवॉच. सुरुवातीला सरासरी सव्वा मिनिट लागत होतं. पण वेळ कुठे जातोय हे बघितल्यावर आम्हा दोघींनाही आश्चर्य वाटलं. अनुक्रमणिकेत शब्द सापडायला दहा-बारा सेकंद, पान उघडायला तेवढेच. उरलेला सगळा वेळ पान उघडल्यावर त्यातली नेमकी ओळ शोधण्यात जात होता.

म्हणून पहिला बदल अर्थाच्या रकान्याचा झाला. प्रत्येक शब्दापुढे खंड आणि पान तर हवंच, पण त्यापुढे एका ओळीत अर्थही. उदाहरणार्थ 'क्रॅशिंग' या नोंदीपुढे तिने लिहिलं: "क्रिटिकल पाथवरच्या कामाला जादा माणसं-पैसे देऊन मुदत कमी, खर्च वाढतो." क्रिटिकल पाथ म्हणजे प्रकल्पाची एकूण मुदत ठरवणारी कामांची साखळी. तसंच 'फास्ट ट्रॅकिंग'पुढे: "एकामागून एक होणारी कामं समांतर, खर्च फारसा नाही, पुन्हा करावं लागण्याचा धोका वाढतो." या दोन ओळी वाचल्या की बहुतेक वेळा पुस्तक उघडायची गरजच राहत नाही. परीक्षेत नंतर तेच दिसलं. अनुक्रमणिका बघितली आणि उत्तर तिथेच मिळालं, असं कितीतरी वेळा झालं.

दुसरा बदल छाटणीचा. 'रिस्क', 'स्कोप', 'प्रोजेक्ट मॅनेजर' असे ढोबळ शब्द काढून टाकले. प्रश्नात 'रिस्क' हा शब्द दिसला म्हणून कुणी 'रिस्क' शोधत नाही. शोधायचं असतं ते 'रेसिड्युअल रिस्क' की 'सेकंडरी रिस्क', 'ट्रान्सफर' की 'मिटिगेट'. ज्या नोंदीपुढे तीनपेक्षा जास्त पानं येतील ती नोंद फोडायची, हा नियम केला. चाळीस पानांची अनुक्रमणिका सोळा पानांवर आली.

तिसरा बदल छोटा, पण फार कामाचा. जुन्या अनुक्रमणिकेत जागोजागी 'अमुक पाहा' असं लिहिलं होतं. संक्षेप शोधला की पूर्ण नावाकडे जा, पूर्ण नाव शोधलं की संक्षेपाकडे. प्रत्येक 'पाहा' म्हणजे आणखी एक पान उलटणं. नव्या अनुक्रमणिकेत दोन्ही ठिकाणी खंड-पान आणि अर्थ पुन्हा लिहिला. जागा थोडी जास्त लागते, पण वेळ वाचतो.

याच जोडीला जुन्या-नव्या नावांचाही प्रश्न होता. तिने पूर्वी कधीतरी पीएमपी या दुसऱ्या प्रकल्प व्यवस्थापन प्रमाणपत्राच्या तयारीसाठी पीएमबॉक मार्गदर्शिकेच्या पाचव्या आवृत्तीवरून नोट्स काढल्या होत्या, आणि त्यातली नावं डोक्यात पक्की बसलेली. पाचव्या आवृत्तीत 47 प्रक्रिया होत्या, 2017 च्या सहाव्या आवृत्तीत 49 झाल्या. 'परफॉर्म क्वालिटी अशुरन्स'चं नाव 'मॅनेज क्वालिटी' झालं, 'क्लोज प्रोक्युअरमेंट्स' ही स्वतंत्र प्रक्रिया राहिली नाही. शोधताना तिचा हात आपसूक जुन्या नावाकडे जायचा आणि तिथे काहीच नसायचं. म्हणून जुनं नावही नोंदीत घातलं, पुढे थेट नव्या नावाचं पान. माणूस घाईत ज्या नावाने शोधणार, ते नाव अनुक्रमणिकेत असलं पाहिजे.

शेवटी एक स्वतंत्र पान केलं, ज्याला ती 'जोड्यांचं पान' म्हणायची. क्वालिटी अशुरन्स आणि क्वालिटी कंट्रोल, चार्टर आणि स्कोप स्टेटमेंट, कंटिन्जन्सी रिझर्व्ह आणि मॅनेजमेंट रिझर्व्ह, टोटल फ्लोट आणि फ्री फ्लोट अशा, एकमेकांत हमखास घोटाळा होणाऱ्या संज्ञा शेजारी-शेजारी. प्रत्येक जोडीसमोर फरक सांगणारं एकच वाक्य. पहिल्या चाचणीत चुकलेल्या प्रश्नांपैकी बरेच अशाच जोड्यांवरचे होते. अक्षरक्रमात अशा बहुतेक जोड्यांतले दोन शब्द एकमेकांपासून लांब पडतात, त्यामुळे साध्या अनुक्रमणिकेतून त्यांतला फरक दिसतच नाही.

हे सगळं झाल्यावर तोच स्टॉपवॉचचा खेळ पुन्हा. एका शोधाला लागणारा वेळ पाऊण मिनिटावर आला.

सूत्रांचं पान

जुनं सूत्रांचं पान नेहमीसारखं होतं: डावीकडे नाव, उजवीकडे सूत्र. ज्याला सूत्र आठवत नाही त्याला ते उपयोगी पडेल. तिची अडचण वेगळी होती, प्रश्नातल्या कोणत्या शब्दांवरून कोणतं सूत्र घ्यायचं हे ठरत नव्हतं. म्हणून नव्या पानात पहिला रकाना प्रश्नातल्या शब्दांचा, दुसरा सूत्राचा, आणि तिसऱ्यात प्रत्येक सूत्रासाठी त्याच एका उदाहरणाचं उत्तर.

उदाहरण असं घेतलं. प्रकल्पाचं एकूण अंदाजपत्रक (BAC) 60 लाख. आजपर्यंत 30 लाखांचं काम व्हायला हवं होतं (PV). प्रत्यक्षात झालेल्या कामाचं मोल 24 लाख (EV). खर्च झाले 32 लाख (AC).

```
CPI = EV / AC = 24 / 32 = 0.75
SPI = EV / PV = 24 / 30 = 0.80
```

CPI म्हणजे खर्चाची कार्यक्षमता, SPI म्हणजे वेळापत्रकाची. इथपर्यंत कुणी अडत नाही. खरा प्रश्न पुढे येतो: प्रकल्प संपेपर्यंत एकूण किती खर्च येईल, म्हणजे EAC किती? याला एकच सूत्र नाही. पुढचं काम कसं चालेल असं प्रश्नकर्ता धरतो, त्यावर ते अवलंबून आहे.

```
EAC = BAC / CPI                      = 80
EAC = AC + (BAC - EV)                = 68
EAC = AC + (BAC - EV) / (CPI * SPI)  = 92
```

आजवर जसा खर्च होत आला तसाच पुढेही होणार, असं प्रश्नात म्हटलं असेल तर पहिलं सूत्र आणि 80 लाख. झालेली तूट एकदाच घडलेल्या घटनेमुळे होती आणि उरलेलं काम ठरल्या दराने होणार, असं असेल तर दुसरं, 68 लाख. ठरलेली मुदत गाठायचीच आहे आणि खर्चाबरोबर वेळापत्रकाचा ताणही पुढच्या खर्चावर पडणार, असं असेल तर तिसरं, 92 लाख. अशा प्रश्नाच्या पर्यायांत 68, 80 आणि 92 हे तिन्ही आकडे हमखास असतात. त्यामुळे आपला आकडा पर्यायांत दिसला म्हणून उत्तर बरोबर आलं असं समजण्यात अर्थ नाही. पहिल्या चाचणीत ती इथेच फसली होती: प्रत्येक वेळी पाठ असलेलं पहिलं सूत्र वापरलं, उत्तर पर्यायांत सापडलं आणि ती पुढे गेली.

TCPI चंही तसंच. उरलेलं काम उरलेल्या पैशांत बसवायचं तर किती कार्यक्षमता लागेल, हे त्यातून कळतं. मूळ अंदाजपत्रकातच बसवायचं असेल तर भाजक BAC - AC, सुधारित अंदाज मान्य झाला असेल तर EAC - AC.

```
(60 - 24) / (60 - 32) = 36 / 28 = 1.29
(60 - 24) / (80 - 32) = 36 / 48 = 0.75
```

दुसरं उत्तर CPI एवढंच आलं, हा योगायोग नाही. EAC पहिल्या सूत्राने काढला की 'आहे त्याच वेगाने चालत राहा' एवढाच त्याचा अर्थ होतो. हे तिला उदाहरण सोडवतानाच उमगलं आणि तिने ते पानाच्या कडेला लिहून ठेवलं. गणित बरोबर झालंय का हे तपासायला त्याचा छान उपयोग होतो.

तीन-बिंदू अंदाजाच्या सूत्रातही अशीच खूण आहे. आशावादी 4 दिवस, बहुधा 7, निराशावादी 16. बीटा पद्धतीने (4 + 4×7 + 16) / 6 = 8 दिवस, त्रिकोणी पद्धतीने (4 + 7 + 16) / 3 = 9 दिवस. प्रश्नात 'ट्रँग्युलर' शब्द आहे की नाही, एवढंच बघायचं. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमका तोच शब्द सुटतो.

क्रिटिकल पाथचे प्रश्न मात्र पानावर शोधून सुटत नाहीत. कामांचं जाळं काढून पुढून आणि मागून हिशोब करावाच लागतो, त्याला तीन मिनिटं तरी जातात. त्यासाठी तिने रोज एक जाळं हाताने सोडवण्याचा नेम ठेवला. तिथे दुसरा इलाज नाही.

वेळेचा हिशोब

सगळ्यात उपयोगी ठरला तो एक साधा हिशोब. पुस्तक न उघडता एक प्रश्न वाचून उत्तर द्यायला तिला सरासरी एक मिनिट लागत होता. 115 प्रश्नांचे 115 मिनिटं. उरले 65. गणिताचे साधारण डझनभर प्रश्न येतील असं धरून त्यांना प्रत्येकी दोन मिनिटं जादा, म्हणजे 24. उरले 41. मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी शेवटी 6 मिनिटं. राहिले 35.

शोधाशोध करायला एकूण एवढीच 35 मिनिटं. एका शोधाला सव्वा मिनिट लागत असेल तर त्यात 28 शोध बसतात, पाऊण मिनिट लागत असेल तर 46. पहिल्या चाचणीत तिने सव्वा मिनिटाच्या वेगाने 52 शोध केले होते. वेळ संपला यात नवल नव्हतं.

त्यावरून पुस्तक उघडण्याचा नियम ठरला. उत्तराची खात्री असेल तर उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. दोन पर्यायांत घोळ असेल तर आधी जोड्यांचं पान आणि अनुक्रमणिकेतला अर्थ, त्यातून मिटलं नाही तरच पुस्तक. काहीच माहीत नसेल, पण प्रश्नात एखादी ठाम संज्ञा असेल तर शोध. संज्ञा नसेल, निव्वळ प्रसंग असेल, तर पुस्तकाचा उपयोग नाही, विचार करून उत्तर द्यायचं.

पहिला नियम पाळणं तिला फार जड गेलं. ती म्हणायची, "ताई, पुस्तक समोर आहे आणि बघायचं नाही, हे जमतच नाही मला." मी म्हटलं, "अगं, 23 पैकी दोनदाच उत्तर बदललंस ना? त्या दोन प्रश्नांसाठी शेवटचे तीस प्रश्न घाईत टाकलेस." हा आकडा तिने अनुक्रमणिकेच्या पहिल्याच पानावर वर लिहून ठेवला.

टप्पेही ठरवले. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघत बसलं तर त्यातच जीव जातो. म्हणून तीनच खुणा: 135 मिनिटं शिल्लक असताना 30 प्रश्न, 90 शिल्लक असताना 60, 45 शिल्लक असताना 89. मागे पडलं तर पुढच्या टप्प्यापर्यंत फक्त अनुक्रमणिका, पुस्तक नाही.

रंगीत तालीम आणि परीक्षा

दुसरी सराव चाचणी तिने परीक्षेच्या आठवडाभर आधी दिली, परीक्षेच्याच वेळेला, घरातल्या ज्या टेबलावर परीक्षा द्यायची त्याच टेबलावर. तालमीत एक वेगळीच अडचण सापडली. सगळे खंड, अनुक्रमणिका आणि लॅपटॉप टेबलावर मावत नव्हते. एक खंड काढला की दुसरा खाली पडायचा. तिने शेजारी एक स्टूल ठेवलं, खंड पाठीवर मोठे आकडे चिकटवून उभे लावले. अनुक्रमणिकेला स्पायरल बाइंडिंग करून घेतलं, म्हणजे ती उघडी ठेवली की मिटत नाही. सूत्रांचं आणि जोड्यांचं पान सुटं.

या चाचणीत शोध 38 झाले, त्यांतले अनुक्रमणिकेवरच मिटलेले बरेच. वेळ संपायच्या आधी चाचणी पूर्ण झाली आणि गुण चांगले वाढले. चुकलेल्या प्रश्नांत आता एक वेगळा गट दिसला: कंत्राटांचे प्रकार. ठरावीक रकमेचं कंत्राट, खर्च अधिक शुल्काचं, वेळ आणि साहित्यावरचं, आणि त्यांत जोखीम कुणाच्या माथी. शेवटच्या आठवड्यात तिने याचा एक तक्ता केला, विक्रेत्यावरच्या सर्वाधिक जोखमीपासून ग्राहकावरच्या सर्वाधिक जोखमीपर्यंत, क्रमाने.

परीक्षेच्या दिवशी पहिल्या टप्प्याला ती दोन प्रश्नांनी मागे होती. नियमाप्रमाणे पुस्तक बाजूला ठेवलं, दुसऱ्या टप्प्याला बरोबरीत आली. शेवटी मागे ठेवलेल्या प्रश्नांना पाच मिनिटं मिळाली.

निकाल

ती पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाली. गुण दुसऱ्या सराव चाचणीच्या आसपास आले. तिच्या सांगण्याप्रमाणे अर्न्ड व्हॅल्यूच्या एकाही प्रश्नावर कुठलं सूत्र घ्यायचं हा घोळ झाला नाही. सूत्रांच्या पानाकडे तिने एक-दोनदाच बघितलं. ते पान बनवतानाच ते डोक्यात बसलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली सराव चाचणी आणखी लवकर, पहिलं वाचन निम्मं झालेलं असताना दिली असती तर काय झालं असतं, याचा आम्ही बराच विचार केला. माझं मत असं की ती चाचणी पूर्ण वाचनानंतरच द्यायला हवी. नाहीतर 'माहीत नव्हतं' आणि 'सापडलं नाही' यांतला फरक नोंदीत दिसत नाही, आणि इथे सगळे निर्णय त्या फरकावरच झाले. मात्र स्टॉपवॉचने शोध मोजायला चाचणीची वाट बघायची गरज नव्हती. पहिल्या खंडाची अनुक्रमणिका झाल्यावरच ते करता आलं असतं, आणि चाळीस पानांची मेहनत वाचली असती.

रंगीत चिकटपट्ट्यांवर तिने दोन संध्याकाळी घालवल्या. प्रत्येक प्रकरणाला वेगळा रंग, त्या रंगांची वेगळी यादी. परीक्षेत तिने एकदाही रंग बघून पान काढलं नाही, खंड-पान क्रमांकच पुरला. तो वेळ कंत्राटांच्या तक्त्याला दिला असता तर तो तक्ता शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबला नसता.

सगळ्यात मोठी मर्यादा प्रसंगावरच्या प्रश्नांची आहे. 'ग्राहकाने फोन करून कामात बदल सुचवला आहे, प्रकल्प व्यवस्थापकाने सगळ्यात आधी काय करावं?' असे प्रश्न पुस्तकात शोधून सापडत नाहीत, कारण चारही पर्याय पुस्तकात कुठे ना कुठे 'करावं' म्हणून लिहिलेलेच असतात. फरक फक्त क्रमाचा असतो. तिचे उरलेले चुकलेले प्रश्न बहुतांशी याच प्रकारचे असावेत असा तिचा अंदाज आहे. तेव्हा पुढच्या कुणासाठी आम्ही अनुक्रमणिकेला एक पान जोडलं, 'आधी काय' नावाचं. त्यात संज्ञा नाहीत, क्रम आहेत. बदलाच्या मागणीसाठी: मागणी नोंदवा, वेळ-खर्च-व्याप्तीवरचा परिणाम काढा, बदल-नियंत्रण मंडळाकडे न्या, मान्य झाली तर योजना आणि बेसलाइन सुधारा, संबंधितांना कळवा, मग काम करा. धोका प्रत्यक्षात उतरला तर: नोंदवहीत ठरवलेला प्रतिसाद बघा, तो अंमलात आणा, तो पुरला नाही तर तात्पुरता उपाय करा. असे सात-आठ क्रम एका पानावर बसतात. तिच्या टीममधला एक जण आता हेच पान घेऊन तयारीला बसला आहे.